दोन किलोचं लेकरू आणि तीन दिवसांची सुई

आमच्या भागात त्या काळी जन्माला येणारं प्रत्येक लेकरू अडीच किलोचं असायचं. मुलगा असो, मुलगी असो, जुळं असो, आठव्या महिन्यात आलेलं असो, कागदावर अडीच किलो. सोनपेठेकडून, राणीसावरगावाकडून, झरीच्या रस्त्यानं ज्या काही चिठ्ठ्या घेऊन बाया आमच्या दवाखान्यात आल्या, त्यांतल्या एकीवरही वेगळा आकडा मी पाहिला नाही. ब्रह्मदेवाकडं एकच साचा असावा आणि तो आमच्याच जिल्ह्याला भाड्यानं दिलेला असावा, असं मला वाटायचं.

खरी गोष्ट अशी की खेड्यातला काटा मोडलेला असायचा. मोडलेला नसला तर आज्या लेकराला पारड्यात घालू द्यायच्या नाहीत. "माल हाय का त्यो? नजर लागंल." मग तिथली नर्सबाई अडीच लिहून मोकळी. अडीचच्या खाली लिहिलं की वरून विचारणा, आणि विचारणा झाली की उत्तर लिहायचा ताप. त्यापेक्षा सगळी पोरं अडीचची बरी!

ह्या अडीचचा मला इतका राग होता की चिठ्ठी दिसली की माझं डोकं उठायचं. मी सोनपेठच्या किराणा दुकानदाराची लेक, गळ्यात लिंग, घरात काटा. बोलायला यायच्या आधी मला मापं कळत होती. गुळाची ढेप उचलून मी छटाकाच्या फरकानं वजन सांगायची. एकदा आमच्या मामांना नुसतं चालताना पाहून मी त्यांचं वजन सांगितलं आणि ते वर्षभर आमच्याकडं जेवायला आले नाहीत. माझ्या आवाजाचीही ख्याती होती. मी वॉर्डात "गप बसा" म्हटलं की बसस्टँडवरचे कंडक्टर गप बसत. ह्यात थोडी भर घातलेली आहे, ती वाचणाऱ्यानं काढून टाकावी. पण इंजेक्शनच्या आकड्यांत मी कधी भर घातली नाही. तिथं भर घातली की लेकरू बहिरं होतं.

वर्षं नामांतराची. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचं की नाही ह्यावरून मराठवाडा पेटून, विझून, पुन्हा धुमसत होता. भिंतीवर रोज नवी घोषणा यायची आणि रोज कुणीतरी तिच्यावर डांबर फासायचं. दवाखान्यात मात्र सगळं शांत, असं आम्ही म्हणायचो. किती खोटं बोलायचो ते पुढं येईलच.

एका सोमवारी दुपारी झरीकडच्या वस्तीवरून एक बाळंतीण आली. पाणी जाऊन दीड दिवस झाल्यावर बाळंत झालेली, अंगात ताप. लेकरू एका दिवसाचं. श्वास भराभर, अंग सैल, अंगावर लावलं तर तोंड फिरवून झोपायचं. बरोबर नवरा. चोवीस-पंचवीसचा, जिनिंगवर हमाली करणारा, दहावीपर्यंत शिकलेला. सदऱ्याच्या खिशात मोर्चाची पत्रकं. मला म्हणाला, "जयभीम शिस्टर. लेकरू दूध वढंना."

चिठ्ठीवर वजन? सांगायला नको.

मी लेकरू उघडं करून काट्यावर ठेवलं. बरोबर दोन किलो.

आमचे डॉक्टर नवे होते. लेकरांचे डॉक्टर, काडीसारखे, आवाज इतका हळू की स्वतःच्या छातीला नळी लावून ऐकावा. त्यांनी तपासलं आणि पुटपुटले, "रक्तात जंतू शिरल्याचा संशय. सेप्सिस. आधी कल्चरला रक्त घ्या, मग लगेच दोन्ही औषधं सुरू. वाट बघायची नाही."

कल्चर म्हणजे रक्त खिमटासारख्या पाण्यात टाकायचं आणि ऊबेत ठेवून त्यातून जंतू उगवतात का ते पाहायचं. आमच्याकडं ती सोय नव्हती. बाटली एसटीनं मेडिकल कॉलेजच्या गावाला जायची. ती फ्रिजमध्ये ठेवायची नाही, जंतू गारठतात. म्हणून आमचा म्हातारा शिपाई ती काखेत धरून न्यायचा. तो सांगायचा, ह्या काखेत मी आजवर एवढ्या बाटल्या उबवल्या की कोंबडी असतो तर जिल्ह्याला अंडी पुरली असती. त्या दिवशी त्यानं बाटलीवर चिठ्ठी डकवली, नंबर लिहिला, आणि लेकराच्या बापानं तो नंबर पाहून ठेवला. हे मला तेव्हा दिसलं नव्हतं.

औषधं दोन. ॲम्पिसिलीन, किलोला पन्नास मिलिग्रॅम: दोन किलोला शंभर. जेंटामायसिन, किलोला अडीच: दोन किलोला पाच. पहिल्या आठवड्यातल्या लेकराला दोन्ही बारा-बारा तासांनी, कारण त्याची मूत्रपिंडं अजून कच्ची, औषध बाहेर टाकायला वेळ लागतो. आठवडा उलटला की आठ-आठ तासांनी. आता जेंटामायसिन दिवसातून एकदाच देतात, मात्राही वेगळी. तेव्हा हे असं होतं. जेंटामायसिनची बाटली मोठ्या माणसांची, दोन मिलीत ऐंशी मिलिग्रॅम. त्यातलं पाच मिलिग्रॅम काढायचं म्हणजे थेंबाचा खेळ, हात हलला की दुप्पट. म्हणून मी त्यात सहा मिली पाणी घालून आठ मिली करायची, एका मिलीत दहा मिलिग्रॅम, आणि अर्धा मिली घ्यायची. ॲम्पिसिलीन वेगळ्या पिचकारीत, डोक्याच्या शिरेतून सावकाश. दोन्ही एकत्र कालवायची नाहीत. चिठ्ठीवरच्या अडीच किलोवर विसंबले असते तर पाचाच्या जागी सव्वासहा गेलं असतं, पुन्हा पुन्हा, आणि ते कानात आणि मूत्रपिंडात जाऊन बसतं.

मंगळवारी सकाळी लेकराचा श्वास शांत झाला. दुपारी ते आईला असं ओढू लागलं की ती ओरडलीच.

त्याच मंगळवारी दुपारी जीप येऊन थांबली. गोदेकाठचे एक मोठे जमीनदार, त्यांचा नातू. नऊ दिवसांचं लेकरू, तीन किलोचं, तापलेलं, झटके येत होते. टाळू फुगलेली. डॉक्टरांनी पाठीतलं पाणी काढलं तर ते गढूळ, पुवासारखं. मेंदूच्या आवरणापर्यंत गेलेलं. त्याचंही रक्त आणि पाठीतलं पाणी बाटलीत घालून शिपाई पुन्हा काख उबवत एसटीत बसला. औषधं तीच. पण हे लेकरू आठवड्यावरचं म्हणून आठ तासांनी, तीन किलोचं म्हणून जेंटामायसिन साडेसात, आणि मेंदूपर्यंत पोचायला हवं म्हणून ॲम्पिसिलीन दुप्पट, एका वेळी तीनशे. शिवाय झटक्यांचं औषध वेगळं.

लेकरांच्या वॉर्डात खिडकीजवळ दोनच खाटा. एकीवर झरीकडची बाई, दुसरीवर जमीनदारांची सून.

जमीनदार खाटेशी उभे राहिले, इकडंतिकडं पाहिलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाई, तेवढी त्यांची खाट तिकडं व्हरांड्यात घ्या. आमच्या घरचं माणूस हाय. तुमी आपल्यातल्याच, तुमाला काय सांगायचं."

आणि मी, जिच्या आवाजानं कंडक्टर गप बसत, मी काय केलं? मी आयाबाईकडं पाहिलं. आयाबाईनं खाट ओढली. चाकं कुरकुरली. बाळंतीण लेकरू छातीशी धरून उठली आणि खाटेमागं चालत गेली. मी औषधाच्या कपाटात काहीतरी शोधू लागले. काय शोधत होते ते अजून सापडलेलं नाही.

गुरुवारी दुपारी बहात्तर तास झाले. डॉक्टरांनी ट्रंककॉल लावला, दोन तास वाट पाहिली, आणि बाहेर येऊन म्हणाले, "पहिल्या लेकराच्या कल्चरमध्ये काहीच उगवलं नाही. रक्ताच्या बाकीच्या तपासण्याही साफ आहेत. दूध पितंय, ताप नाही, श्वास चांगला. औषधं बंद. दोन दिवस नुसतं लक्ष ठेवू. दुसऱ्याच्या बाटलीत जंतू उगवलेत. त्याचे एकवीस दिवस."

मी व्हरांड्यात गेले आणि लेकराच्या डोक्यावरची सुई काढली. कापूस धरला. बाप तिथंच उभा होता.

"का काढली?"

"औषध संपलं. लेकरू बरं हाय तुझं."

"संपलं? का संपवलं?" त्याचा आवाज चढला. "शिस्टर, मी तीन दिस बघायलोय. त्या मालकाच्या लेकराला दिसातून तीनदा सुई. माझ्याला दोनदा. त्याची पिचकारी भरलेली, माझी अर्धी. त्याचे एकवीस दिस, माझे तीन. त्याची खाट खिडकीपाशी, माझी चपलांपाशी. मला गणित येतं."

"अरे बाबा, त्याचा आजार येगळा हाय."

"आमचा आजार दरवेळी येगळाच असतो!"

वॉर्डातल्या सगळ्या बाया वळून पाहू लागल्या. तो लेकरू गुंडाळू लागला. बायकोला म्हणाला, "ऊठ. रस्त्यावर त्यो सुईवाला हाय, त्यो पैसे घेतो पण सुई पुरी मारतो. ऐंशीची."

तो सुईवाला मला ठाऊक होता. कुठल्यातरी डॉक्टरकडं कधीकाळी झाडू मारलेला, आता स्वतःच डॉक्टर. मोठ्या माणसाची ऐंशीची बाटली, लेकराला वजन न करता अर्धी. अर्धी म्हणजे चाळीस मिलिग्रॅम. दोन किलोच्या लेकराला लागतं पाच. असं एक लेकरू मी पाहिलं होतं, पुढं तीन वर्षांचं झालं तरी थाळी वाजवली तर वळून बघत नव्हतं.

मी वाट अडवून उभी राहिले. दार माझ्याएवढंच रुंद होतं, म्हणून बरं.

"जायचं असंल तर जा. पण आधी गणित कर. तुला येतं म्हणलास ना?"

"काय करायचं गणित?"

"चल."

मी त्याला वॉर्डात ओढलं. जमीनदारांच्या सुनेच्या कुशीतून तिचं लेकरू घेतलं. ती घाबरली. मी म्हटलं, "खात न्हाई, वजन करायलेय." काट्यावर ठेवलं. तीन किलो. ते परत दिलं. मग त्याचं ठेवलं. दोन किलोला थोडं कमी, पहिल्या दिवसांत तेवढं उतरतंच. दोन्ही केसपेपर त्याच्या हातात दिले. आजकाल असं केलं तर मला नोकरीवरून काढतील. तेव्हाही काढायला हवं होतं. पण मला राग आला होता आणि रागात मी नियम वाचत नाही.

त्यानं खिशातलं मोर्चाचं पाठकोरं पत्रक काढलं, उलटं केलं. माझ्याच पेननं गुणाकार केला. दोन गुणिले अडीच, पाच. तीन गुणिले अडीच, साडेसात. दोन गुणिले पन्नास, शंभर. तिथं थांबला.

"ह्याचं तीनशे कसं? तीन पन्नास दीडशे व्हतेत."

मला तो क्षण अजून आठवतो. परीक्षा घेणारे बरेच डॉक्टर मी पाहिले, पण आकड्यावर असं बोट कुणी ठेवलं नव्हतं. डॉक्टर मागं येऊन उभे होते. त्यांनी पहिल्यांदाच ऐकू येईल असं बोलून दाखवलं, "त्याच्या मेंदूच्या पडद्यात पू झालाय. तिथं औषध नीट पोचत नाही, म्हणून दुप्पट. तुमच्या बाळाच्या पाठीतलं पाणी काढायची वेळ आली नाही, ते एका दिवसात सुधारलं."

"आन् तीनदा का?"

"तुझं कधी जन्मलं?" मी विचारलं.

"रविवारी."

"त्याचं नऊ दिवसांचं आलं. आठवड्याच्या आतलं लेकरू औषध लवकर मुतून टाकत न्हाई. तुझ्याला तीनदा दिलं असतं तर ते अंगात साचलं असतं. कान जातात. मग तू त्याला भाषणं शिकवणार कशी?"

तो हसला नाही. मला वाटलं होतं हसेल.

"आन् बंद का केलं? तिथून फोनवर काय म्हणले ते तुमीच ऐकलं. आमाला काय ठावं?"

बरोबर होतं त्याचं. मी ऑफिसात गेले आणि पुन्हा कॉल लावायला सांगितला. अर्जंट. टेलिफोनवाला म्हणाला, लाइन नाही. मी त्याला काय म्हणाले ते इथं छापता येणार नाही. तासाभरात लाइन मिळाली. मी रिसीव्हर बापाच्या कानाला लावला. पलीकडचा लॅबवाला करवादला, "अहो आत्ताच सांगितलं की! किती वेळा विचारता?"

बाप म्हणाला, "बाटलीचा नंबर सांगा."

लॅबवाल्यानं सांगितला. बापानं मान हलवली. सोमवारी शिपायानं डकवलेला नंबर त्याच्या डोक्यात होता.

"त्यात काय हाय?"

"काही न्हाई. तीन दिवस ऊबेत ठेवली, काही उगवलं न्हाई. दुसरीत उगवलंय. झालं? ठेवा आता."

त्यानं रिसीव्हर ठेवला. पत्रकावरचे गुणाकार बोट ठेवून पुन्हा तपासले.

"तर जंतू नव्हतेच?" तो म्हणाला.

मागोमाग आलेले डॉक्टर म्हणाले, "नसावेत. पण सोमवारी ते कळायचा मार्ग नव्हता, आणि असते तर वाट बघण्यात लेकरू गेलं असतं. म्हणून आधी द्यायचं. काही उगवलं नाही आणि लेकरू तंदुरुस्त असलं, की थांबवायचं. ते मलूलच राहिलं असतं तर कल्चर काही म्हणो, मी आठवडाभर दिलं असतं. उगाच लांबवलं तर कानाला धोका, आणि उद्या खरंच जंतू आले तर ते ह्या औषधाला जुमानणार नाहीत."

"हिशेब बरोबर हाय," तो म्हणाला. मी सुस्कारा सोडला. माझ्या सुस्काऱ्यानं टेबलावरचे कागद उडाले असावेत.

"मंग खाटंचा हिशेब सांगा."

मी ते कागद गोळा करू लागले.

"किलोला किती अंतर, शिस्टर? आठवड्याच्या आतल्याला व्हरांडा आन् वरच्याला खिडकी, असं हाय का?"

डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं. खाट कुणी आणि का हलवली ते त्यांना ठाऊकच नव्हतं. मंगळवारी ते आत पाठीतलं पाणी तपासत होते. मला त्या माणसाचा राग आला, डॉक्टरांचा आला, जमीनदारांचा आला, आयाबाईचा आला. तेवढ्यांवर राग काढूनही बराच उरला, तो कुणाचा होता ते मला चांगलं कळत होतं. गणित बरोबर असूनही ह्या माणसाला ते खोटं वाटलं, कारण बाकी सगळीकडं त्याच्याबरोबर खोटंच झालं होतं, आणि त्यातलं शेवटचं मी केलं होतं. माझ्या त्या एका गप्प बसण्यापायी लेकरू ऐंशीच्या बाटलीपर्यंत निघालं होतं. जंतूंनी नाही, अडीच किलोनं नाही, मी.

मी व्हरांड्यात गेले. खाटेची दांडी धरली. आयाबाई धावली, "राहू द्या, मी करते." मी म्हटलं, "परवा तू केलंस. आज मी." बाळंतीण उठू लागली. मी म्हटलं, "बस खाली. बसूनच चल." आणि तिला लेकरासकट ढकलत वॉर्डात घेऊन आले. एक चाक फिरत नव्हतं. फरशीवर रेघ उठली.

जमीनदार दारात होते.

"ओ बाई, हे काय चाललंय? आपलं ठरलं व्हतं."

"ठरलं न्हवतं. तुमी म्हणालात आन् मी ऐकलं. आता न्हाई ऐकत."

"मी वर बोलंन."

"बोला. पण नातवाची पुढची सुई पाच वाजता. ती मीच देणार हाय. साडेसात मिलिग्रॅम, कमी न्हाई, जास्त न्हाई. ह्या लेकराच्या शेजारी बसून देणार."

त्यांनी सुनेकडं पाहिलं. सून म्हणाली, "असू द्या मामंजी. लेकरू निजलंय, आवाज नका करू." तेवढंच बोलली आणि पदर ओढून भिंतीकडं वळली.

वरून बोलणं झालं. दोन महिन्यांनी माझी बदली झाली. ती गोष्ट मी मोठ्या रंगात सांगत असते, त्यात जमीनदारांची जीप मी हातानं उचलते. इथं तसलं काही सांगणार नाही.

शनिवारपर्यंत ते लेकरू औषधाशिवाय राहिलं. बाप खाटेपाशी बसून माझं घड्याळ हातात घेऊन श्वास मोजायचा. मिनिटाला साठाच्या वर गेला तर हाक मार, एवढं मी सांगितलं होतं. एकदाही हाक आली नाही. त्याचा मोर्चा शुक्रवारी निघून गेला, तो गेला नाही.

जाताना त्यानं घड्याळ परत दिलं. मी वाट पाहत होते, आता आभार मानेल. माझ्या मनात उत्तरही तयार होतं, मोठ्या मनाचं, दोन वाक्यांचं.

तो म्हणाला, "सुई बरोबर दिली, ते तुमचं कामच व्हतं, शिस्टर. खाट परत आणली, तीबी तुमीच नेलेली व्हती."

बायकोला म्हणाला, "चल." ती उठली. लेकरानं जांभई दिली. तिघं दारातून बाहेर पडले आणि पायऱ्या उतरून एसटीस्टँडच्या रस्त्याला लागले.